जर्मनीला शिकायला निघालेल्या मैत्रिणीला काय द्यावं? दोन किलो आणि सहा हजारांचा हिशेब

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मुंबईहून फ्रँकफर्टला जाणाऱ्या विमानात विद्यार्थी भरपूर असतात. जर्मनीतलं हिवाळी सत्र कागदोपत्री १ ऑक्टोबरला सुरू होतं. तुमची मैत्रीण त्यातल्याच एखाद्या विमानात असेल आणि तुम्ही चौघं-पाचजण मिळून तिला काही द्यायचं म्हणत असाल, तर बाजारात जाण्याआधी तिला एकच प्रश्न विचारा: बॅगेत किती जागा उरली आहे? उत्तर बहुधा "काहीच नाही" असं येईल. म्हणून भेट दोन किलोंच्या आत बसवा आणि ती पहिल्या दोन-तीन आठवड्यांत कामाला येईल अशीच घ्या. नंतर लागणारं सगळं तिथे मिळतं, आणि बऱ्याचदा तिथलंच जास्त बरं असतं.

वजनाचा नियम आधी समजून घ्या. इकॉनॉमीच्या तिकिटावर साधारण २३ किलोंची एक किंवा दोन बॅगा आणि हातात ७ किंवा ८ किलो असं असतं. नेमका आकडा तिकिटावर छापलेला असतो, तो तिच्याकडून मागून घ्या. विद्यार्थी सवलतीच्या तिकिटावर कधी कधी एक बॅग जास्त मिळते. बॅग २३ किलोंच्या वर गेली की बऱ्याच विमान कंपन्या किलोमागे पैसे घेत नाहीत, बॅगेमागे एकरकमी घेतात, आणि ती रक्कम काही हजारांत जाते. तुमच्या सातशे रुपयांच्या सुंदर लाकडी पेटीने बॅग २४ किलो झाली, तर काउंटरवर ती पेटीच बाहेर निघणार. वेष्टनाचा चकचकीत कागदही नको. तपासणीत तो फाडला जातो, आणि खोक्याचं वजन वेगळंच.

पहिले दहा दिवस कुठे अडतं

नेहमीचा प्रसंग घ्या. विमान शनिवारी संध्याकाळी उतरतं. तिथून रेल्वेने गावी पोचून खोलीची किल्ली हातात येईपर्यंत रात्र होते. दुसऱ्या दिवशी रविवार. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात, अपवाद मोठ्या रेल्वे स्थानकातल्या आणि विमानतळावरच्या काही दुकानांचा, तेही महाग. ३ ऑक्टोबरला राष्ट्रीय सुट्टी असते. ती शनिवारी आली तर सलग दोन दिवस शटर खाली. सोमवारपासून तिला घराच्या पत्त्याची नोंदणी करायची असते. ती राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत करावी लागते आणि त्यासाठी घरमालकाचं पत्र लागतं. मग बँकेचं खातं, आणि खातं सुरू झालं की व्हिसासाठी भरून ठेवलेल्या ब्लॉक्ड अकाउंटमधून दर महिन्याचे पैसे सुटायला लागतात. म्हणजे खात्यावर लाखो रुपये आहेत आणि हातात काहीच नाही, अशी स्थिती आठवडाभर तरी राहू शकते. तुमची भेट याच दिवसांसाठी असू द्या.

सगळ्यात आधी अंथरूण. विद्यार्थी वसतिगृहातल्या खोलीत पलंग आणि गादी असली, तरी चादर, उशी, पांघरूण बहुधा नसतं. पलंग ९० बाय २०० सेंटिमीटरचा असतो. आपली साधी सिंगल चादर त्यावर आरामात बसते. पातळ सुती चादर घ्या, साडेचारशे ग्रॅमच्या आत, ५०० रुपयांपर्यंत मिळेल. सोलापुरी चादर द्यायचा मोह आवरा. ती एकटीच किलोच्या आसपास जाते. उशीचा अभ्रा मात्र देऊ नका. तिथली नेहमीची उशी ८० बाय ८० सेंटिमीटरची चौकोनी असते, आपला लांबट अभ्रा तिला होत नाही. पहिल्या रात्री स्वेटरची घडी डोक्याखाली घेता येते.

टॉवेलऐवजी पंचे द्या. टर्किश टॉवेल जड असतो आणि हवा कोंदलेल्या खोलीत लवकर वाळत नाही. दोन पंचे मिळून अडीचशे ग्रॅम, तीनशे रुपये. अंग पुसायला, भांडी पुसायला, पोळ्या गुंडाळायला, सगळ्याला चालतात. दिसायला भेट वाटत नाही, हे खरं. पण पहिल्या आठवड्यात आठवण मात्र याचीच निघते.

प्लग: इथे पैसे फुकट जातात

विमानतळावर दोन हजार रुपयांचा "दीडशे देशांत चालणारा" अ‍ॅडॉप्टर मिळतो. तो घेऊ नका. जर्मनीतली वीज २३० व्होल्टची, आपल्यासारखीच. फरक फक्त भोकांचा. आपल्या मोबाइल चार्जरची दोन बारीक पिनांची जी टोपी असते, ती तिथल्या सॉकेटमध्ये थेट बसते, त्यासाठी काहीच लागत नाही. अडतं ते लॅपटॉपचं, कारण त्याला तीन जाड पिनांचा भारतीय प्लग असतो.

त्यावर स्वस्त उपाय आहे. लॅपटॉपच्या चार्जरला दोन भाग असतात: ठोकळा आणि त्यात खुपसायची केबल. ठोकळा जगभर चालतो. त्यावर इनपुट १०० ते २४० व्होल्ट असं छापलेलं तपासा, म्हणजे झालं. बदलायची असते फक्त केबल. मैत्रिणीकडून ठोकळ्याच्या तोंडाचा फोटो मागवा. तोंडात तीन भोकं तिपानी पानासारखी असतील तर एक प्रकारची केबल लागते, संगणकाच्या पडद्यामागे असतं तसं चौकोनी तोंड असेल तर दुसऱ्या प्रकारची. तो फोटो दाखवून संगणकाच्या सुट्या भागांच्या दुकानात "युरोपियन पिनची पॉवर केबल" मागा. साडेतीनशे रुपयांपर्यंत मिळते. दीडशे ग्रॅम वजन, हलणारा सांधा नाही, सॉकेटमधून सुटून पडणं नाही.

चार्जर एकसंध असेल, म्हणजे केबल सुटी होत नसेल, किंवा तिच्याकडे तीन पिनांचं आणखी काही असेल, तर एक अ‍ॅडॉप्टर द्या. घेताना त्याच्या गोल कडेला धातूच्या दोन पट्ट्या आहेत ना, ते पाहा. त्या अर्थिंगच्या. दीडशे रुपयांच्या प्लास्टिकच्या अ‍ॅडॉप्टरला त्या नसतात. मग लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लागला की मुंग्या येतात. पट्ट्यांचा अ‍ॅडॉप्टर अडीचशेच्या आसपास पडतो. त्यावर इस्त्री किंवा पाण्याची किटली लावायची नाही, हे देतानाच सांगा. असले अ‍ॅडॉप्टर बहुधा ६ अँपिअरचे असतात आणि किटलीला त्याहून जास्त लागतं. किटली तिथे पंधरा-वीस युरोत मिळते, तिचा प्लगही तिथलाच.

पॉवर बँक द्यायची असेल तर आधी विचारा, कारण चौघांपैकी दोघं हमखास तीच आणतात. १०,००० एमएएचची बास झाली. ती हातातल्या बॅगेतच जाते, मोठ्या बॅगेत सापडली तर बॅग उघडून काढून घेतात. विमानात बसल्यावर ती वापरायलाही आता काही कंपन्या मनाई करतात.

फोन: शून्य ग्रॅमची भेट

मला विचाराल तर सगळ्यात उपयोगी भेट वजनात मोजताच येत नाही. तिच्या भारतीय नंबरचं वर्षभराचं रिचार्ज करून द्या.

कारण ओटीपी. शैक्षणिक कर्जाची बँक, आयकराचं खातं, आई-वडिलांनी पैसे पाठवायला जोडलेलं तिचं बचत खातं, सगळ्यांचे ओटीपी भारतीय नंबरवर येतात. रिचार्ज संपून नंबर बंद पडला, तर पुढे तो दुसऱ्या कुणाला दिला जातो. मग बँकेतला नंबर बदलायला शाखेत स्वतः या, असं उत्तर मिळतं.

इथे दुकानदार तुम्हाला रोज दोन-अडीच जीबी डेटाचा वर्षाचा प्लॅन दाखवेल. तो साडेतीन हजारांच्या घरात जातो आणि त्यातला डेटा जर्मनीत चालत नाही. फक्त कॉल आणि एसएमएसचा मोठ्या मुदतीचा प्लॅन मागा. ११ ते १२ महिन्यांसाठी तो अठराशे-साडेअठराशेच्या आसपास पडतो. तो जाहिरातीत दिसत नाही, अ‍ॅपमध्ये खाली शोधावा लागतो. मुदत नीट वाचा. काही कंपन्यांच्या "वर्षाच्या" प्लॅनमध्ये ३३६ दिवस असतात.

रिचार्ज झालं म्हणून भागत नाही. तिने भारत सोडण्याआधीच कंपनीच्या अ‍ॅपमधून आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करायला हवं. तिथे गेल्यावर करू म्हटलं तर नेटवर्कच पकडत नाही आणि ग्राहक सेवेला फोन करायला नंबरच नसतो. रोमिंग चालू असलं की तिथे येणारे एसएमएस सहसा फुकट असतात. मात्र आलेला फोन उचलला की मिनिटाला पैसे लागतात. आणि या सिमवरचा डेटा रोमिंगचा खटका बंद ठेवायचा. तो चालू राहिला तर शिल्लक काही मिनिटांत संपते.

दुसरी शून्य ग्रॅमची भेट म्हणजे पहिल्या महिन्यापुरतं ई-सिम. जर्मन सिम विकत मिळतं लगेच, पण चालू होण्याआधी पासपोर्ट दाखवून ओळख पटवावी लागते. ती पडद्यावरून झाली तर तासाभरात होते, अडकली तर पोस्टात जावं लागतं. तोवर नकाशा, रेल्वेचं वेळापत्रक आणि घरमालकाशी बोलणं कशावर करणार? जर्मनीचं किंवा युरोपचं ५ जीबी, ३० दिवसांचं प्रवासी ई-सिम हजार रुपयांच्या आसपास मिळतं.

घेण्याआधी तिच्या फोनवर *#06# दाबायला सांगा. आलेल्या यादीत EID असं दिसलं तर फोन ई-सिम घेतो, नाही तर हा बेत सोडा. ई-सिम तिच्याच ईमेलवर घ्या, कारण त्याचा क्यूआर कोड बहुधा एकदाच चालतो. तुम्ही हौसेने आपल्या फोनवर स्कॅन करून पाहिला की संपलं. आणखी एक गोष्ट अटींमध्ये शोधा: मुदत कोड बसवल्यापासून मोजतात की तिथलं नेटवर्क पकडल्यापासून? दुसऱ्या प्रकारचंच घ्या. मग ती घरच्या वायफायवर आदल्या रात्री बसवून ठेवू शकते.

युरो: नोटा तिच्या नावावर, नाणी कुणाकडून तरी

पाकिटात घालून युरो द्यायची कल्पना छान आहे, पण तुम्ही दुकानात जाऊन ते घेऊ शकत नाही. परदेशी चलन प्रवास करणाऱ्याच्याच नावाने मिळतं. त्याला तिचा पासपोर्ट, व्हिसा, तिकीट आणि पॅन लागतं. म्हणून तुमचा वाटा तिला यूपीआय करा आणि तिला एकदाच, घरून दिलेल्या रकमेबरोबर, बँकेतून किंवा रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्या चलन विक्रेत्याकडून घेऊ द्या. हिशेबाला १ युरो म्हणजे १०५ रुपये धरा, प्रत्यक्ष दर त्या दिवशीचा. दोन ठिकाणी विचारा आणि "सगळं धरून हातात किती युरो" एवढाच प्रश्न विचारा. कारण कमिशन शून्य म्हणणारा दरातच कापून घेतो. शिवाय चलन बदलावर जीएसटी असतो. लाखापर्यंतच्या व्यवहाराला तो कमीत कमी ४५ रुपये आणि जास्तीत जास्त १८० रुपये होतो. त्याहून जास्त मागितला तर पावतीवर बोट ठेवून विचारा. विमानतळावरचा दर सगळ्यात वाईट असतो, तिथे घ्यायची वेळ येऊ देऊ नका.

नोटा १० आणि २० युरोच्या मागा. दोनशेची नोट छोट्या दुकानात घ्यायला काचकूच करतात.

कुणी म्हणेल, फॉरेक्स कार्डच भरून देऊ. कार्ड तिच्या नावाचं असेल आणि त्यात युरोच भरलेले असतील तर ठीक. डॉलर भरलेलं कार्ड युरोत वापरलं की साडेतीन टक्क्यांपर्यंत कापतात. एटीएमने "रुपयांत हिशेब करू का?" असं विचारलं तर नेहमी नाही म्हणायचं, युरोतच घ्यायचं. हे एक वाक्य तिला कागदावर लिहून द्या. भारतात घेतलेलं ऑनलाइन दुकानाचं गिफ्ट कार्ड मात्र अजिबात देऊ नका. अ‍ॅमेझॉनचं भारतातलं कार्ड त्यांच्याच जर्मन दुकानात चालत नाही.

आता नाणी. पहिल्या दिवसापासून लागतात ती हीच, आणि चलन विक्रेत्याकडे ती सहसा नसतात. सुपरमार्केटची ढकलगाडी साखळीतून सोडवायला १ युरोचं नाणं घालावं लागतं, गाडी परत लावली की ते परत मिळतं. विद्यापीठाच्या ग्रंथालयात बॅग आत नेऊ देत नाहीत. बाहेरच्या लॉकरला कुठे १ किंवा २ युरोचं नाणं लागतं, कुठे स्वतःचं छोटं कुलूप. स्थानकावरच्या स्वच्छतागृहाला नाणं, काही वसतिगृहांत कपडे धुण्याच्या यंत्रालाही नाणंच. युरोपातून नुकतं परत आलेलं कुणी तुमच्या ओळखीत असणारच, आणि त्याच्या कपाटात एका डबीत नाणी पडून असणार. त्याला रुपये द्या आणि दहा युरोंची नाणी घ्या: दोनची तीन, एकची चार. छोट्या बटव्यात घालून द्या. या सगळ्या खटाटोपात मला सगळ्यात जास्त आवडणारी भेट हीच.

खाऊ: काय जातं, काय काढून घेतात

इथे माया जास्त आणि माहिती कमी, असं होतं. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला मनाई आहे. घरगुती वापरासाठी का असेना, चालत नाहीत. म्हणजे साजूक तूप नाही, पेढे-बर्फी नाही, चक्का, पनीर, खवा नाही. तपासणीत सापडलं तर जप्त होतं, लपवलं असं वाटलं तर दंडही होतो. ताजा कढीपत्ता, हिरव्या मिरच्या, आंबे, तुळशीचं रोप यांनाही वनस्पती आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं, ते तुमच्याकडे नसतं.

तुपाची काळजी करू नका. जर्मनीतल्या कुठल्याही सुपरमार्केटात "बुटरश्माल्झ" नावाचा डबा लोण्याच्या शेजारी ठेवलेला असतो. ते कढवलेलं लोणीच, आपलं तूप. क्वार्क नावाचं घट्ट दही मिळतं, तिथली मराठी मंडळी त्याचंच श्रीखंड करतात. मसूर डाळ "रोटे लिन्झेन" या नावाने मिळते, बासमती सगळीकडे असतो. हे तीन शब्द एका चिठ्ठीवर देवनागरीत लिहून मसाल्याच्या पाकिटाला लावा. चिठ्ठीचं वजन काहीच नाही, आणि ती दोन किलो डाळ-तांदूळ वाचवते.

तिथे न मिळणारं तेवढं द्या. गोडा मसाला २०० ग्रॅम, थालीपिठाची भाजणी ५०० ग्रॅम, मेतकूट १०० ग्रॅम. साडेचारशे रुपयांत होतं. मेतकूट, गरम भात आणि तो बुटरश्माल्झ, पहिल्या सोमवारचं जेवण तयार. सगळं दुकानातलं बंद पाकीट असलेलं बरं, वर छापील नाव असतं. घरचं असेल तर पाकिटावर इंग्रजीत नाव लिहा, नाही तर तपकिरी पूड कसली हे समजावत बसावं लागतं.

सुक्या खोबऱ्याच्या वाट्या बॅगेत नकोत. त्यात तेल असतं, ते पेट घेऊ शकतं म्हणून विमान कंपन्या अडवतात. लोणचं हातातल्या बॅगेत नको. आणि तिचं विमान दुबई किंवा अबुधाबीमार्गे असेल तर खसखस पूर्ण टाळा. संयुक्त अरब अमिरातीत खसखस बेकायदा आहे, फक्त विमान बदलणाऱ्यालाही त्यातून सूट नाही. गोड्या मसाल्याच्या पाकिटावरचे घटक वाचा, खसखस असेल तर दुसरा घ्या.

बरेचजण कुकर देतात. तो घरून येऊ द्या, तुम्ही त्याची रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह द्या. दोन्ही मिळून दोनशे रुपयांच्या आत, पन्नास ग्रॅम. सहा-आठ महिन्यांत रिंग सैल पडते, मग शिट्टी होत नाही आणि वाफ कडेने निघते. त्या मापाची रिंग तिथे सहजी मिळत नाही. घेताना कुकरची कंपनी, मॉडेल आणि लिटर विचारून घ्या, "सगळ्यांना बसते" अशी रिंग नसते. कुकर घ्यायचाच बाकी असेल तर घरच्यांना सांगा, तळाशी इंडक्शनचं चिन्ह असलेला घ्या. तिथल्या खोल्यांत गॅस क्वचित असतो. शेगडी काचेची असते, आणि ती इंडक्शनची निघाली तर साधा अ‍ॅल्युमिनियमचा कुकर तापतच नाही.

उदबत्ती, कापूर देऊ नका. जर्मनीत झोपायच्या खोलीत धुराचा अलार्म बसवणं सक्तीचं आहे, आणि फोडणीनेही तो कधी कधी ओरडतो. घरातल्या देवासाठी काही द्यायचंच असेल तर बॅटरीवरची पणती द्या.

चष्मा लावणाऱ्या मैत्रिणीसाठी

तिला चष्मा असेल तर पाचव्या कुणी तरी दुसरा चष्मा करून द्यावा. साधी फ्रेम आणि काचा दीड-दोन हजारांत होतात. जर्मनीतला सार्वजनिक आरोग्य विमा प्रौढांच्या चष्म्याला सहसा पैसे देत नाही, नंबर फारच मोठा असेल तरच देतो. तुटला की सगळा खर्च खिशातून, आणि इथल्या कित्येक पट. डोळे तपासून नंबर आत्ताचा घ्या, जुन्या कागदावरून काचा करू नका, आणि नंबरचा कागदही डबीत ठेवा.

औषधांच्या पट्ट्या मात्र तुम्ही भेट म्हणून देऊ नका. औषधं तिने डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, स्वतःपुरती न्यावीत. चिठ्ठीत औषधाचं मूळ नाव इंग्रजीत हवं, फक्त कंपनीचं नाव तिथे कुणाला कळत नाही. कोडीनचं खोकल्याचं औषध घरीच राहू द्या.

कागदपत्रांची फाइल देणार असाल तर पारदर्शक कप्प्यांची ए-४ मापाची, सुमारे दोनशे रुपयांची घ्या, आणि तिच्याबरोबर बसून प्रती लावून द्या. प्रवेशपत्र, ब्लॉक्ड अकाउंटचं पत्र, विम्याचं पत्र, गुणपत्रिका, घराचा करार. ही फाइल हातातल्या बॅगेत जाते. मूळ गुणपत्रिका लॅमिनेट करून द्यायची "सेवा" कुणी देऊ केली तर थांबवा. लॅमिनेट केलेल्या कागदावर पुढे अधिकृत शिक्का मारता येत नाही.

चौघांचा हिशेब

चौघांनी प्रत्येकी १,५०० काढले, असं धरू. एकूण ६,००० रुपये.

लॅपटॉपची केबल ३५०, पट्ट्यांचा अ‍ॅडॉप्टर २५०. पातळ चादर ५००, दोन पंचे ३००. मसाले आणि भाजणी ४५०, कुकरची रिंग आणि व्हॉल्व्ह २००. इथपर्यंत २,०५० रुपये. वर्षाचं रिचार्ज १,८५०, ई-सिम १,०००, दहा युरोंची नाणी १,०५०. बेरीज ५,९५०. उरलेल्या ५० रुपयांत झिपच्या पिशव्या घ्या, मसाल्यांची गळती थांबते. वजन: केबल आणि अ‍ॅडॉप्टर मिळून दोनशे-सव्वादोनशे ग्रॅम, चादर-पंचे सातशे, खाऊ आठशे, रिंग आणि नाणी शंभरच्या आसपास. सगळं मिळून अठराशे-सव्वाअठराशे ग्रॅम. दोन किलोंच्या आत.

हे सगळं निघण्याच्या दहा-बारा दिवस आधी तिच्या हातात द्या, निरोपाच्या पार्टीत आदल्या रात्री नाही. बॅगा तोवर दोनदा भरून, तोलून झालेल्या असतात. शक्य असेल तर हुकाला अडकवायचा डिजिटल वजनकाटा बरोबर घेऊन जा, पाचशे रुपयांत मिळतो. तो तिच्या बॅगेत जायची गरज नाही. तोलून झालं की तुमच्याकडेच ठेवा, पुढच्या वर्षी दुसरं कुणी निघणारच आहे.

काही राहिलंच तर मागाहून कुरिअरने पाठवू, असं म्हणून मोठं काही मागे ठेवू नका. पाच किलोंच्या खोक्याला कुरिअरवाले काही हजार घेतात. खाजगी व्यक्तीने खाजगी व्यक्तीला पाठवलेली भेट ४५ युरोपर्यंत करमुक्त असते. त्यावर किंमत गेली, किंवा बाहेर नीट यादी आणि किंमत लिहिलेली नसली, तर तिला कस्टमच्या कार्यालयात बोलावून खोकं समोर उघडायला लावतात. ते कार्यालय गावाच्या दुसऱ्या टोकाला असतं आणि कामाच्या वेळेतच उघडं असतं. दुधाच्या पदार्थांची बंदी टपालालाही लागू आहे, त्यामुळे दिवाळीच्या फराळाच्या खोक्यात तेलात तळलेल्या चकल्या, चिवडा आणि शंकरपाळी भरा, तीही तेलाच्या मोहनाची. खोक्यावरच्या यादीत प्रत्येक पदार्थ, त्याचं वजन आणि किंमत इंग्रजीत लिहा. "फूड आयटम्स" एवढंच लिहिलेलं खोकं हमखास अडकतं.